'हे'चा मायना

डहाणूच्या तहसील कचेरीबाहेर मी तीस वर्षं अर्ज लिहितो आहे. मजकूर कुणीही लिहील, मायना मात्र येरागबाळ्याचं काम नाही, असा माझा ताठा. कुणाला कोणता मायना लिहावा हे सांगणारं मेस्तक हेमाडपंतांच्या नावावर चालतं. मनातल्या मनात मी त्याच गादीचा वारस. समोरचा झेरॉक्सवाला तलाठ्यालाही 'महोदय' आणि मंत्र्यालाही 'महोदय' छापतो. त्याच्याकडे गर्दी जास्त, हे सांगायला जीव होत नाही.

गेल्या वर्षी हाताखाली तलासरीकडची एक वारली मुलगी आली. बीकॉम. तिने माझा मोबाईल नंबर पाटीवर रंगवला आणि लोक मेसेज पाठवू लागले. तिच्या बोलीत एकट्या माणसाला 'तू'च. साहेब असो की सासरा. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काका, तू चहा घेशील?" मी दुपारपर्यंत फुगून बसलो होतो.

चैत्रातल्या एका सकाळी दोन मेसेज आले. पहिला, "हे काका". मी 'हे'वर अडलो. आमच्या घरात 'हे' म्हणजे मी. बायको तसाच माझा उल्लेख करते. प्रार्थनेत 'हे प्रभो'. पोरांचं 'हे' यातलं काहीच नाही, ते नुसतं दार ढकलणं. पाठवणारा घोलवडच्या एका चिकूवाडीवाल्याचा मुलगा, मुंबईत नोकरीला. बाप माझा जुना ओळखीचा. मीही त्याच्या सुरात सूर मिसळला: "काय रे राजा, आज वाट चुकलास?" पुढे दात काढणारं चित्र.

दुसरा मेसेज तलासरीकडच्या एका तरुणाचा. "आदरणीय महोदय, आपणांस सविनय सादर प्रणाम. आपली कुशलता चिंतितो." मग आठ ओळी. वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने फेटाळला होता, जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायची होती. मी खूश झालो; फार दिवसांनी तोलामोलाचं कुणी भेटलं होतं. मीही तसंच उत्तर रचलं: "आपले पत्र प्राप्त झाले. उपरोक्त विषयी आपणांस कळविण्यात येते की, संबंधित आदेशाची प्रत व तत्सम पुरावे घेऊन समक्ष उपस्थित राहावे."

दहा मिनिटांनी पहिल्याचं उत्तर आलं. "बाबा गेले. दहा दिवस झाले. सातबाऱ्यावर वारस नोंद करायचीय."

माझं दात काढणारं चित्र वरच चिकटलेलं होतं. तो मेसेज पुसायलाही मला जमेना. मुलीने पुसून दिला, पण त्याने पाहिला होता. त्या 'हे'नंतर दहा मिनिटं तो गप्प होता, ती शांतता मी वाचलीच नव्हती. वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. घाई तशी नव्हती. घाई मलाच झाली होती, मी अजून तरुणांत बसतो हे दाखवायची.

आणि तो दुसरा आलाच नाही. समितीचा निर्णय झाल्यापासून दाद मागायला साठ दिवस असतात. मेसेज आला तेव्हा चाळीसावा होता. पन्नासावा उलटला तेव्हा मुलीने फोन लावला. ती त्यांच्या बोलीत बोलली, हसली, मग मला म्हणाली, "काका, तुझं उत्तर त्याला नोटीस वाटली. 'समक्ष उपस्थित राहावे' वाचून घरचे म्हणाले, जाऊ नको, धरतील."

त्याचा तो 'सविनय सादर' आश्रमशाळेत पाठ केलेल्या पत्रलेखनातला होता. कचेरीत शिरताना लोक पायातलं काढून ठेवतात, तशी त्याने स्वतःची बोली बाहेर ठेवली होती. मी त्याला पंडित समजून जास्तच उंचावर जाऊन बसलो. एकाच्या हलक्या शब्दामागे सुतक होतं, दुसऱ्याच्या जड शब्दामागे भीती. मी दोघांना शब्दांबरहुकूम शब्द परत दिले. आरशानेही तेच केलं असतं, आणि त्याने पैसे घेतले नसते.

तो त्रेपन्नाव्या दिवशी आला. आदेशाची प्रत, ग्रामसभेचा ठराव, जागेच्या पंचनाम्याची झेरॉक्स. मुलगी त्याला 'तू' म्हणत होती, तो तिला 'तू', आणि अर्ध्या तासात मला 'तू'. अर्ज वेळेत गेला.

आता 'हे' आलं की "हो, बोल" एवढंच लिहून थांबतो. दुसरा मेसेज येईपर्यंत अंगठा आवरतो. 'आदरणीय' आलं की "नमस्कार", मग त्याचं नाव, मग कुठला कागद आणायचा ते. 'आपण' टाळतो, 'तुम्ही' लिहितो. 'तू'पर्यंत मात्र माझा हात अजून उतरत नाही. तिचा उतरतो, म्हणून तिच्याकडे हल्ली माझ्यापेक्षा जास्त मेसेज येतात. झेरॉक्सवाल्याचं मी सहन केलं होतं.

तलासरीच्या मुलाला पाठवलेलं ते उत्तर मी पुसलेलं नाही. अधूनमधून उघडून वाचतो. 'उपरोक्त विषयी' चांगलं बसलं होतं.