‘आवडीचे विषय’ या रकान्याविषयी

अर्ज नामंजूर होण्यात नवल नाही. जागा तीस आणि अर्ज शंभरावर असले म्हणजे बहुतेकांच्या पदरी निराशा येणारच, हे मास्तरकीत आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. परंतु ज्या अर्जात ‘निकाल व आवडीचे विषय नमूद करावेत’ असे छापील फर्मान होते, त्याच अर्जातील निकालाचा रकाना तेवढा वाचून, आवडीच्या रकान्यावर नजरही न टाकता जो शेरा मारण्यात आला, तो मला अजून सलतो. शेरा होता : ‘नामंजूर, गुण अपुरे.’

प्रकरण कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडचे. नोव्हेंबरात भौतिकी शिक्षकांच्या संघटनेची पर्यायी प्रश्नांची परीक्षा, तीत निभाव लागला तर पुढच्या पायऱ्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली, हा क्रम आता बहुतेक पालकांना मुखोद्गत असतो. या पहिल्या पायरीच्या तयारीसाठी आमच्या जिल्ह्याच्या गावी एका संस्थेने सुट्टीतील तुकडी काढली, आणि आमच्या नववीतील एका मुलीने मुख्याध्यापकांच्या सहीनिशी रीतसर अर्ज केला.

असे अर्ज मी पुष्कळ वाचले आहेत. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची अत्यंत आवड असून शास्त्रज्ञ होण्याचे माझे ध्येय आहे’ हे वाक्य त्यांत इतक्या निष्ठेने उतरलेले असते, की अर्जदाराचे नाव झाकले तर कोणाचा अर्ज कोणता हे त्याच्या जन्मदात्यांनाही ओळखता येऊ नये. या मुलीने गुण लिहिले ते एका ओळीत : विज्ञान ७४, गणित ६९, शिष्यवृत्ती परीक्षेत यादीत नाव नाही. सारवासारव केली नाही. आवडीच्या रकान्यात मात्र ‘मोजणे’ एवढाच शब्द लिहून ‘सोबत कागद जोडला आहे’ अशी तळटीप दिली होती.

त्या कागदावर एका कुलपाची हकिकत होती. घराच्या तुळईला धागा बांधून तिने त्याला गोठ्याचे जुने लोखंडी कुलूप टांगले आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे लोलकाच्या आवर्तकालावरून गुरुत्वीय त्वरण काढू पाहिले. धागा तुळईपासून कुलपाच्या कडीपर्यंत बरोबर ५० सेंटिमीटर. वीस झोक्यांना २९.५ सेकंद लागले, आणि सूत्रात आकडे घालता त्वरण आले ९.०७, म्हणजे पुस्तकातील ९.८ पेक्षा बरेच कमी. इथे शंभरातील नव्वद मुले, खोटे कशाला बोला, पुस्तकातील आकडा गाठण्यासाठी सेकंदच थोडे खाली ओढतात. प्रयोगवहीतील ‘निरीक्षणे’ या सदराखाली किती कल्पनाशक्ती खर्ची पडते हे प्रत्येक विज्ञानशिक्षकाला ठाऊक असते. हिने तसे न करता धागा १०० सेंटिमीटर केला. वीस झोक्यांना ४०.९ सेकंद लागले आणि त्वरण आले ९.४४.

यापुढचे तिचे वाक्य मी मुख्याध्यापकांना मोठ्याने वाचून दाखवले होते. धागा लांब केला म्हणून पृथ्वी काही कुलपाला जास्त ओढू लागणार नाही, तेव्हा चूक पृथ्वीची नसून माझ्या मोजण्याची असली पाहिजे, आणि ती आखूड धाग्यात जास्त जाणवते म्हणजे दोन्ही वेळा मी सारखीच लांबी मोजायची विसरले आहे, असे तिचे म्हणणे होते. लोलकाची लांबी कडीपर्यंत नव्हे, तर टांगलेल्या वस्तूच्या गुरुत्वमध्यापर्यंत धरावी लागते. कडीपासून त्या मध्यापर्यंतचा तुकडा तिने सोडला होता. तो तुकडा केवढा हे ठाऊक नसतानाही तिने तोड काढली. दोन्ही आवर्तकालांचे वर्ग करून एकातून दुसरा वजा केला. सुटलेली लांबी दोहोंत सारखीच असल्यामुळे वजाबाकीत ती आपोआप नाहीशी होते आणि उरतो तो वाढवलेल्या अर्ध्या मीटर धाग्याचाच हिशेब. त्यावरून त्वरण आले ९.८४. मग उलट हिशेब करून सुटलेला तुकडा काढला, तो भरला सुमारे ४ सेंटिमीटर. पट्टी लावून पाहता कुलपाचा मध्य कडीपासून साधारण तेवढ्याच अंतरावर होता.

शेवटी तिने स्वतःच्याच उत्तरावर अविश्वास नोंदवला होता. घड्याळ थांबवताना बोट पाव सेकंद मागेपुढे होते आणि आखूड धाग्याच्या वेळी तेवढी चूक झाली तरी उत्तर ९.७ च्या खाली घसरू शकते, सबब ९.८४ हा आकडा जवळचा आला यात थोडा दैवाचा भाग असावा, आणि पुढच्या वेळी वीसऐवजी पन्नास झोके मोजावेत, असे तिने लिहिले होते. आपल्या उत्तरावर कितपत विसंबावे याचा अदमास ज्याला आहे, त्याला प्रयोगाचे मर्म कळले असे मी समजतो. आणि या स्पर्धेच्या वरच्या पायऱ्यांवर प्रयोगाचीही परीक्षा असते, हे त्या संस्थेच्या माहितीपत्रकातच ठळक छापलेले होते.

शेऱ्याची नक्कल शाळेत आली तेव्हा मी त्या कार्यालयात गेलो. तेथील गृहस्थ सौजन्याने वागले, चहाही सांगितला. “सर, अर्ज आले शंभरावर. आम्ही गणित-विज्ञानाची बेरीज केली आणि वरून तीस नावं घेतली. जोडलेले कागद लावून ठेवलेत, पण ते वाचायला माणूस कुठंय?” मी म्हटले, मग मागवलेत कशाला? “नमुना वरून आलाय,” ते म्हणाले. ते वर म्हणजे कोठे, हे मला कळले नाही आणि बहुधा त्यांनाही ठाऊक नसावे. शंभर कागद वाचायला दोन मास्तरांना एक सायंकाळ पुरली असती. मी स्वतः विनामूल्य येतो म्हणालो. यादी जाहीर झाली होती.

येथपर्यंत माझा राग रास्त आहे असे मला वाटते. परंतु परतीच्या एस.टी.त बसल्यावर मनात एक प्रतिकूल विचार आला आणि तो अद्याप गेलेला नाही. नोव्हेंबरातील त्या परीक्षेत दोन तास असतात, एका प्रश्नामागे जेमतेम दोन मिनिटे, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा. एका कुलपापाशी सबंध आठवडा रमणारे मूल तेथे मागे पडण्याचाच संभव अधिक; आणि ज्या तुकडीत त्याच परीक्षेचा सराव करून घ्यायचा, तिच्यासाठी पाठांतराचे व वेगाचे गुण पाहणारा तो गृहस्थ स्वतःच्या हिशेबाने अगदीच चूक होता असे मला शपथेवर सांगता येणार नाही. उलट असेही म्हणता येईल, की वेग सरावाने येतो आणि सरावासाठीच तर तुकडी होती. मी दोन्ही बाजूंनी स्वतःशी वाद घातला आहे.

मात्र यंदा अर्ज करणाऱ्या मुलांना मी एक गोष्ट सांगतो, आणि ती मला स्वतःला फारशी रुचत नाही : केलेल्या कामाचा सारांश मूळ अर्जाच्या पहिल्याच पानावर, गुणांच्या शेजारी, आकड्यांसह तीन ओळींत लिहा. जोडलेला कागद कोणी उलटील या भरवशावर राहू नका. ‘आवड’ हा शब्दच लिहू नका. काय मोजले, किती आले आणि काय जुळले नाही, एवढे लिहा.

मुलगी तुकडीविनाच परीक्षेला बसली. त्या परीक्षेला अशा कोणत्याही तुकडीची अट नसते. निवड झाली नाही. पुष्कळ प्रश्न कोरे ठेवले, म्हणाली, कारण खात्री नव्हती. “अंदाजानं खूण करायची होती का, सर?” यावर मी काय उत्तर द्यावे? परीक्षेच्या दृष्टीने, चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले असतील तर करायची होती, असे मी सांगितले, आणि ते खरेही आहे.

तिच्याजवळ त्या कागदाची प्रत नाही. हे आकडे मी तिच्या कच्च्या वहीवरून घेतले. मूळ कागद परत मिळावा म्हणून मी संस्थेकडे शाळेच्या शिक्क्यानिशी अर्ज केला आहे. त्याला आवक क्रमांक मिळाला आहे.