सुती पडदे आटू नयेत म्हणून

शाबान महिना लागला की आमच्या घरात पडदे उतरवण्याचे काम निघते. रमजानच्या आधी घर धुऊनपुसून घ्यायचे, ही आमच्याकडची जुनीच रीत. तोवर थंडीतली सगळी धूळ पडद्यांत बसलेली असते. अंबडच्या रस्त्याला घर असल्याने काळ्या मातीची बारीक धूळ आम्हाला नवीन नाही. पण पडदे धुणे म्हणजे चादरी धुणे नव्हे. चादर दोन इंच आखडली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दाराचा पडदा चार इंच आखडला, तर बैठकीत बसलेल्या बायकांचे पाय गल्लीतून जाणाऱ्याला दिसतात.

आमच्या थोरल्या भाभींकडे तेच झाले. बैठकीच्या दाराला सात फुटांचे, म्हणजे ८४ इंचांचे सुती पडदे होते. यंत्रात गरम पाण्यात धुतले, पिळून काढले, कडक उन्हात दोरीवर टाकले. वाळल्यावर मोजले तर ८० इंच. खाली शिवणीत दुमड जेमतेम अर्ध्या इंचाची, त्यामुळे उसवून लांबी वाढवायलाही जागा नव्हती. महिनाभर त्या दारासमोर एक चादर बांधून दिवस काढावे लागले. तेव्हापासून घरातल्या सगळ्या बायका आम्हाला विचारू लागल्या, की सुती कपडा आटतो तरी का, आणि तुमचे पडदे कसे काय तसेच राहतात?

आधी कारण समजून घ्यावे, म्हणजे पुढची प्रत्येक कृती आपोआप समजते. पाण्याने कापसाचा धागा विरघळत नाही की झिजत नाही. मागावर कपडा विणताना उभे धागे, ज्याला आपण ताणा म्हणतो, ते घट्ट ओढून धरलेले असतात. पुढे रंगवताना, कांजी देताना आणि गुंडाळताना कपडा पुन्हा लांबीतच ओढला जातो. ही ओढ कपड्यात दडून राहते. कपडा भिजला की कापसाचे तंतू पाणी पिऊन फुगतात. धागा जाड झाला की त्याला आडव्या धाग्यांना, म्हणजे बाण्याला, वळसा घालून जायला जास्त लांबी लागते, आणि दडलेली ओढही सुटते. परिणामी कपडा लांबीत आखडतो. म्हणूनच पडदा रुंदीत फारसा कमी होत नाही, उंचीत होतो. उष्णता आणि घुसळण ही दोन्ही या कामाला जोर देतात.

गिरणीतले काही कापड विकण्याआधीच मुद्दाम आखडवून घेतलेले असते. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील सॅनफोर्ड क्लुएट यांनी त्यासाठी यंत्राची पद्धत काढली. तिच्यावरूनच ‘सॅनफोराइज्ड’ हा शब्द कापडाच्या काठावर छापलेला दिसतो. असे कापड धुण्यात फारच थोडे कमी होते. हातमागाचे किंवा बाजारातून मीटरवर घेतलेले साधे सुती कापड मात्र बहुधा तसे नसते. त्याची पहिली धुलाई हीच खरी परीक्षा असते, कारण बहुतेक आखडणे पहिल्या एकदोन धुलाईतच होऊन जाते.

म्हणून नवे पडदे शिवायचे असतील तर उत्तम उपाय शिंप्याकडे जाण्याआधीचा आहे. कापड साध्या पाण्यात रात्रभर भिजवावे, न पिळता सावलीत वाळवावे, इस्त्री करावी आणि मगच मोजून कापायला द्यावे. पण तेही किती लागेल हे कळण्यासाठी एक तुकडा आधी तपासता येतो. कापडाच्या एका टोकाला उभ्या धाग्याच्या दिशेने बरोबर २० इंचांवर दोन खुणा दोऱ्याने घालाव्यात. तुकडा पुढे ज्या पद्धतीने धुणार त्याच पद्धतीने धुवावा, वाळवावा, इस्त्री करावी आणि खुणांमधले अंतर पुन्हा मोजावे. ते १९ इंच झाले असेल तर कापड शेकडा पाच आटते. ८४ इंचांच्या पडद्याला अशा कापडात शिवण आणि दुमड सोडून साधारण साडेअठ्ठ्याऐंशी इंच कापड घ्यावे लागेल. खालची दुमडही चार इंचांची ठेवायला सांगावी. शिंपी कुरकुर करेल, पण हीच दुमड पुढे उपयोगी पडते.

आता घरात टांगलेले पडदे धुण्याची पद्धत. पहिले काम पाण्याशिवायचे आहे. कड्या, हुक काढावेत, पडद्याची लांबी मोजून कागदावर लिहून ठेवावी, आणि पडदा बाहेर नेऊन हलक्या हाताने झटकावा. धूळ कोरडी असतानाच निघाली पाहिजे. ती ओली झाली की चिखल होतो. चिखल काढायला जास्त घासावे लागते, आणि जास्त घासले की जास्त आटते. कड्यांजवळच्या चुण्यांत धूळ सर्वाधिक असते, तिथे मऊ ब्रश फिरवावा.

नंतर मोठ्या टबात साधे थंड पाणी घ्यावे. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. त्यात साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा थर कापडावर बसतो आणि पडदा राठ होतो. त्यामुळे साबणाची वडी न घेता द्रवरूप डिटर्जंट वापरावे. पंधरा लिटरच्या बादलीला एक मोठा चमचा पुरे. ते पाण्यात मिसळल्यावरच पडदा टाकावा, आणि पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त भिजवू नये. घासू नये, तर हाताने दाबून-सोडून पाणी आतून फिरवावे. पाणी मातकट झाले की सोडून द्यावे आणि स्वच्छ पाण्यात दोन-तीन वेळा खंगाळावे. ज्यांच्याकडे यंत्रच आहे, त्यांनी नाजूक कपड्यांचा कार्यक्रम, थंड पाणी आणि अर्धेच भरलेले ड्रम एवढे पाळावे.

रंगाची भीती असल्यास आतल्या शिवणीचा कोपरा ओला करून पांढरा रुमाल त्यावर दाबावा. रुमालाला रंग लागला तर तो पडदा वेगळाच धुवावा.

सर्वांत महत्त्वाचा टप्पा धुण्यानंतरचा आहे. पडदा पिळू नये. पाणी निथळू द्यावे, मग जुन्या चादरीत गुंडाळून दाबावे. पाणी टपकणे थांबले की ओलसर असतानाच तो सावलीत दांडीवर सरळ लांबीत टांगावा. ओल्या कापडाचे वजन त्याला खाली ओढते आणि धागे पुन्हा सरळ होतात. दोन्ही काठ हातात धरून वरून खालपर्यंत हलकेच ताण द्यावा. चुण्या हाताने सारख्या कराव्यात. हलकासा दमटपणा राहिला की लांबीच्या दिशेने इस्त्री करावी. सुकून कडक झाल्यावर इस्त्री केली तर गेलेली लांबी परत येत नाही. या शाबानमध्ये आमच्या बैठकीचे पडदे वाळताना साडेब्याऐंशी इंच झाले होते. ओलसर असताना ताणून इस्त्री केल्यावर साडेत्र्याऐंशी भरले. अर्ध्या इंचाची उणीव दाराला दिसली नाही.

आधीच आखडलेला पडदा असेल तर तो पुन्हा भिजवावा आणि असाच ताणून टांगावा. सगळी लांबी परत येईल अशी आशा धरू नये. उरलेली कसर खालची दुमड उसवून भरून काढता येते.

आता घरात न धुण्यासारखे पडदे कोणते? ‘जाड आहे म्हणून बाहेर द्या’ एवढे सांगणे पुरेसे नाही. ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी एक रासायनिक द्रावण वापरतात. ते कापसाच्या तंतूंत शिरून त्यांना फुगवत नाही, म्हणून ओढ सुटत नाही आणि कपडा आटत नाही. म्हणजे ज्या पडद्याला फुगणे परवडत नाही, त्याला तिकडे न्यावे.

पहिला प्रकार अस्तर लावलेल्या पडद्याचा. पुढचे कापड एका मापाने आखडते, मागचे दुसऱ्या, आणि पडदा खाली पिशवीसारखा फुगतो. हे नंतर सुधारता येत नाही. दुसरा मखमलीचा. ओल्या मखमलीवरची लव दबली की तिथे डाग पडल्यासारखे दिसते. तिसरा हिमरूसारख्या कापडाचा. औरंगाबादेत, आता छत्रपती संभाजीनगरात, विणला जाणारा हिमरू सूत आणि रेशीम मिळून होतो, आणि त्याच्या मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे असतात. घासले तर ते ओढले जातात. चौथा, वरच्या पट्टीत बक्रम घालून चुण्या शिवलेला पडदा. पाण्याने बक्रमची ताठरता जाते. शिवाय जाड पडदा ओला झाला की एका माणसाला उचलवत नाही. पावसाळ्यात तो एका दिवसात वाळला नाही तर कुबट वास आणि बुरशीचे काळे ठिपके येतात.

उलट एक पडदा ड्रायक्लीनिंगलाही देऊ नये. मागे रबरासारखा थर असलेला, प्रकाश अडवणारा पडदा द्रावणाने खराब होऊ शकतो. त्याचे लेबल पाहावे. गोल चिन्ह म्हणजे ड्रायक्लीनिंग चालते. गोलावर फुली असेल तर चालत नाही. टबावर हात काढला असेल तर हाताने धुवावे.

लाँड्रीत पडदा देताना आम्ही दोन गोष्टी न लाजता विचारतो. हे ड्रायक्लीनिंगच करणार का, की पाण्यातच धुणार? आणि पडद्याची लांबी आमच्यासमोर मोजून पावतीवर लिहाल का? पावतीवर ८४ लिहिले असेल, तर परत घेताना पट्टी लावून पाहता येते. घरी आणल्यावर प्लास्टिक काढून, द्रावणाचा वास जाईपर्यंत तो मोकळ्या हवेच्या खोलीत टांगून ठेवावा, मगच दाराला लावावा.

शेवटची तपासणी वर्षानुवर्षे उन्हाच्या खिडकीत टांगलेल्या पडद्याची. उन्हाने सूत जळते. उन्हाकडच्या घडीत दोन बोटांनी हलकेच ओढून पाहावे. तिथे धागा करकरत तुटला, तर तो ना टब सोसेल, ना लाँड्री. त्याच्या चांगल्या राहिलेल्या भागाचे रुमाल कापावेत, आणि नव्या पडद्याचे कापड आणले की पहिल्यांदा २० इंचांवर खुणा घालाव्यात.