'नस कमजोर झाली' म्हणजे नेमके काय?

पारोळ्यात दवाखान्यात येणारे पुरुष ही तक्रार सहसा सरळ सांगत नाहीत. आधी पाय दुखतात, मग ॲसिडिटी, आणि उठता उठता हळूच, "डाक्टरसाहेब, नस ढिली पडी गयी." अडचण अशी की आपल्या बोलीत रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि स्नायूची दोरी या तिन्हींना 'नस'च म्हणतात. ताठरतेत यांची कामे वेगवेगळी असतात, म्हणून मी आधी ही नस सोडवून सांगतो.

लिंगाच्या आत स्पंजसारख्या दोन लांब नळ्या असतात. एरवी त्यांतला स्नायू आवळलेला असतो, त्यामुळे रक्त थोडेच येते आणि लगेच परत जाते. स्पर्शाने किंवा विचाराने उत्तेजना आली की मज्जारज्जूच्या तळाकडून निघालेल्या मज्जातंतूंमधून संदेश येतो. तंतूंची टोके आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्याने स्नायू सैल पडतो, धमन्या रुंदावतात आणि स्पंज रक्ताने भरतो. म्हणजे ताठरता येते ती स्नायू सैल पडून, जोर लावून नव्हे.

पण नुसते रक्त येऊन भागत नाही, ते थांबायलाही हवे. स्पंजभोवती एक चिवट आवरण असते. सायकलची ट्यूब फुगली की टायरला आतून दाबते, तसा फुगलेला स्पंज या आवरणाला दाबतो. रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा त्या दोघांच्या मध्ये चिमटल्या जातात आणि बाहेर जाणारी वाट जवळपास बंद होते. रक्त पुरेसे आले नाही तर स्पंज पूर्ण फुगत नाही, शिरा नीट दाबल्या जात नाहीत, आणि आलेली ताठरता मिनिटभरात उतरते. बोरी धरणाचे दरवाजे उघडे ठेवून पाणी साठवण्यासारखेच ते.

तिसरा भाग हार्मोनचा. वृषणात तयार होणारे टेस्टोस्टेरॉन इच्छा टिकवते आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होण्याची व्यवस्था चालू ठेवते. ते खूप कमी झाले तर बहुधा आधी इच्छाच मावळते. त्याची तपासणी सकाळी करायची, कारण तेव्हा त्याची पातळी सर्वांत जास्त असते.

बिघाड यांपैकी कुठे आहे, हे कसे ओळखायचे? माझा पहिला प्रश्न असतो, "पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का?" निरोगी पुरुषात झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. नवे लग्न झालेल्या तरुणाला पहाटे ती व्यवस्थित येते आणि पत्नीजवळ मात्र जाते, तेव्हा रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बहुधा ठीक असतात. भीतीने सुटलेले ॲड्रेनॅलिन स्नायू पुन्हा आवळते. मात्र झोप नीट नसेल किंवा नैराश्य असेल तरी पहाटेची ताठरता कमी होते, म्हणून एवढ्यावर निदान करू नये.

आता बावन्न वर्षांचे एक कापूस उत्पादक पाहा. नऊ वर्षांचा मधुमेह, तंबाखूची सवय. इच्छा होती, पण ताठरता मिनिटभर टिकायची आणि वर्षभरात पहाटेचीही गेली होती. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी ९.२ होते. तळपायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवला तर तो त्यांना कळत नव्हता, म्हणजे मज्जातंतूंनाही इजा झालेली. टेस्टोस्टेरॉन नीट होते. त्यांना फक्त 'ती गोळी' हवी होती. मी विचारले, चढावर चालताना काय होते? "छाती जरा भरून येते."

लिंगाच्या धमन्या साधारण एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार. साखर आणि तंबाखूने अस्तर खराब होते तेव्हा बारीक वाहिनी आधी बोलते, हृदय बहुधा काही वर्षांनी. त्यांना हृदयतपासणीसाठी धुळ्याला पाठवले. तिथे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे आढळले आणि नायट्रेटची गोळी सुरू झाली.

सिल्डेनाफिल आणि नायट्रेट दोन्ही याच नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेने रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र घेतल्या तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. त्यामुळे ती गोळी त्यांना देता आली नाही. तंबाखू सुटली, साखर खाली आली, आणि छातीचे उपचार चालू आहेत. ताठरता थोडी सुधारली, पूर्वीसारखी झालेली नाही. इजा झालेले मज्जातंतू पूर्ण भरून येत नाहीत, हे मी त्यांना पत्नीसमोरच सांगितले.

म्हणून मेडिकलवरून परस्पर गोळी आणण्याआधी साखर, रक्तदाब आणि चढावरची छाती, एवढे तरी तपासून घ्या. आणि गोळी घेतल्यावर ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर लाजून घरी बसू नका, त्याच रात्री रुग्णालयात जा. अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की स्पंज कायमचा निकामी होऊ शकतो.