एका वाक्यात एकच काम

मी पंपांची मॅन्युअल्स लिहिते. पंप पुण्याजवळच्या कारखान्यात तयार होतात आणि व्हिएतनाम, ब्राझील, तुर्कस्तानपर्यंत जातात. मॅन्युअल इंग्रजीत लिहायचं. पुढे काही ठिकाणी त्याचा अनुवाद होतो. काही ठिकाणी तिथला फिटर ते इंग्रजीच अडखळत वाचतो आणि पंप चालू करतो. त्या फिटरचं बोट आणि बटण यांच्यामध्ये फक्त माझं वाक्य असतं, म्हणून मला या कामाबद्दल फार आस्था आहे.

डिझाइन विभागाकडून आलेलं एक वाक्य पाहा. ‘बिफोर स्टार्टिंग द पंप आफ्टर मेंटेनन्स, इट शुड बी एन्शुअर्ड दॅट द सक्शन व्हॉल्व्ह इज फुली ओपन्ड अँड द केसिंग हॅज बीन व्हेंटेड, फेलिंग विच द मेकॅनिकल सील मे रन ड्राय अँड गेट डॅमेज्ड.’ 34 शब्द, आणि व्याकरण अगदी चोख. पण खात्री करायची कोणी? ‘शुड’ हा सल्ला की आज्ञा? आधी व्हॉल्व्ह उघडायचा की आधी केसिंगमधली हवा काढायची? सगळ्यात वाईट म्हणजे धोका अगदी शेवटी सांगितला आहे. मेकॅनिकल सीलच्या दोन घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये पंपातल्याच द्रवाचा पातळ थर असतो आणि तोच त्यांना थंड ठेवतो. पंप कोरडा फिरला तर सील थोड्याच वेळात तापून खराब होतं.

वाक्य तोडायला बसले आणि दुसऱ्याच पायरीवर अडले. इंजिनिअरला विचारलं, “हवा काढायची म्हणजे हाताने नेमकं काय करायचं?”

“अहो मॅडम, केसिंगवरचा व्हेंट व्हॉल्व्ह उघडायचा.”

“आणि बंद कधी करायचा?”

“बुडबुडे थांबून सलग पाणी यायला लागलं, की लगेच.”

यातलं काहीच त्या 34 शब्दांत नव्हतं. लांब वाक्यात न सांगितलेलं काम आरामात लपून बसतं. एका वाक्यात एकच काम लिहायचं ठरवलं, की मधली रिकामी जागा लगेच दिसते. शेवटी मजकूर असा झाला: आधी ठळक सूचना, ‘द्रव नसताना पंप चालवू नका. मेकॅनिकल सील खराब होऊ शकतं.’ मग पायऱ्या. सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. केसिंगवरचा व्हेंट व्हॉल्व्ह उघडा. बुडबुड्यांशिवाय पाणी येऊ लागलं, की व्हेंट व्हॉल्व्ह बंद करा. पंप चालू करा. इंग्रजीतही प्रत्येक ओळ अशीच, क्रियापदाने किंवा अटीने सुरू होणारी.

ही शिस्त विमानांच्या देखभालीतून आली आहे. युरोपच्या विमान उद्योगाने 1986 साली सोप्या इंग्रजीची मार्गदर्शिका काढली. आज ती एएसडी-एसटीई100 या नावाने ओळखली जाते. तिच्यात कृतीच्या वाक्याला जास्तीत जास्त 20 शब्द, वर्णनाच्या वाक्याला 25. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, आणि एका वस्तूला सगळीकडे एकच नाव. ‘केसिंग’ म्हटलं की पुढच्या पानावर ‘हाउसिंग’ म्हणायचं नाही, नाहीतर अनुवादक दोन वेगळे भाग समजतो.

आकड्यांच्या मागे लागून मात्र नवे लेखक दुसऱ्या टोकाला जातात. शब्द वाचवायला ‘द’, ‘दॅट’, ‘इज’ गाळतात आणि लिहितात, ‘चेक व्हॉल्व्ह ओपन’. आता ‘व्हॉल्व्ह उघडा आहे का ते तपासा’, की ‘चेक व्हॉल्व्ह, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, उघडा आहे’? दोन्ही अर्थ बसतात आणि दोन्ही व्हॉल्व्ह त्याच पाइपलाइनवर असू शकतात. ‘मेक शुअर दॅट द व्हॉल्व्ह इज ओपन’ यात चार शब्द जास्त आहेत, पण वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. हे छोटे शब्द मी कधीही कापू देत नाही. इंग्रजी ज्याची सवयीची भाषा आहे तो ते मनात भरून घेतो. आपल्यासारख्यांना ते कागदावरच लागतात.

मजकुराची खरी तपासणी कारखान्यातच होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या, आयटीआय झालेल्या फिटरच्या हातात मी इंग्रजी पान देते, पंप समोर असतो, आणि मी काहीही समजावून सांगत नाही. तो जिथे दुसऱ्यांदा वाचतो किंवा माझ्याकडे पाहतो, त्या ओळीवर मी खूण करते. बहुतेक वेळा तिथे दोन कामं एकत्र आलेली असतात, किंवा ‘इट’ म्हणजे नेमकं काय ते कळत नसतं. तिथे ‘इट’ काढून भागाचं नाव पुन्हा लिहिते. तेच नाव सतत आलं तर कंटाळवाणं वाटतं, असं इंजिनिअर म्हणतात. फिटरने अजून तशी तक्रार केलेली नाही.

पंप आवाज का करतो, दाब का पडतो, हे सांगणाऱ्या प्रकरणात मात्र मी वाक्यं थोडी लांब ठेवते. तिथे ‘बिकॉज’ आणि ‘इफ’ तोडले, की कारण एका ओळीत आणि परिणाम दुसऱ्या ओळीत पडतो, आणि अनुवादकाला त्यांचं नातं स्वतः जुळवावं लागतं. असा जोड मी मोडत नाही. फक्त एका वाक्यात एकच कारण ठेवते.