पेणच्या दुकानाबद्दल, सही करण्याआधी

रोहा

चि. भाच्यास,


वडापाव-चहाच्या फ्रँचायझीचं पत्रक वाचलं. रॉयल्टी विक्रीच्या ५ टक्केच आहे म्हणून तू खूश आहेस. पण माझं लक्ष खालच्या ओळीवर आहे: पॅटी, चटणी, चहाचा मसाला, कप, सगळं कंपनीकडूनच घ्यायचं. कंपनीची खरी कमाई तिथे आहे, आणि तो दर ती कधीही वाढवू शकते.

पेणच्या एसटी स्टँडजवळ रोज ८ हजारांचा गल्ला धर, म्हणजे महिन्याला २ लाख ४० हजार. रॉयल्टी १२ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १४,१६०. तू ग्राहकाला ५ टक्के जीएसटी लावणार, त्यामुळे हा भरलेला कर वजावटीला मिळत नाही. माल निम्म्याला धर, १ लाख २० हजार. भाडं २५, तीन पोरांचे पगार ४५, वीज-गॅस आणि किरकोळ २० हजार. उरतात १५,८४० आणि त्यात तुझी स्वतःची मेहनत फुकट. १२ लाख गुंतवणूक फिटायला सव्वासहा वर्षं लागतील, करार मात्र पाच वर्षांचा! मालाचा खर्च विक्रीच्या ४० टक्क्यांवर आला, तर महिन्याला २४ हजार वाचतात. म्हणजे रॉयल्टीच्या दुप्पट. म्हणून रॉयल्टी कमी करा म्हणत बसू नकोस, मालाच्या दरावर भांड.

त्यांच्या एका पॅटीचं वजन कर, दर लिहून घे आणि बटाटा, बेसन, तेल, मजुरी धरून घरची किती पडते ते बघ. पाव आणि दूध तरी पेणमधून घेण्याची मुभा करारात लिहून घे. गणपतीच्या आधी महामार्ग तुंबतो, गाडी आली नाही तर शटर खाली आणि भाडं चालू. अशा दिवशी बाहेरून माल घेता येईल, हेही लिखित हवं.

आता बाहेर पडण्याचं. तीन लाखांची फी परत नाही, हे पत्रकातच आहे. दुसऱ्याला दुकान विकायला कंपनीची संमती लागेल का, हस्तांतर फी किती, उरलेला माल परत घेणार का, डिपॉझिट किती दिवसांत, हे विचार. करार संपल्यावर अमुक वर्षं वडापाव विकायचा नाही, असं कलम असेल तर घाबरू नकोस. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७खाली अशी बंदी सहसा टिकत नाही. चालू करारात मात्र ती पाळावी लागते. गाळ्याचं भाडेपत्र तुझ्याच नावावर राहू दे आणि त्याचा लॉक-इन काळ फ्रँचायझीच्या करारापेक्षा लांब नको.

त्यांच्याकडून चालू दुकानांची यादी मागव, आणि गेल्या दोन वर्षांत बंद पडलेल्यांचीही. दुसरी देत नसतील तर टोकन रक्कम भरू नकोस. कराराचा मसुदा पाठव, अलिबागच्या वकिलाला दाखवतो.

तुझा
मामा