पिष्टोदक

अश्वत्थाम्याच्या दुधाची गोष्ट आम्ही बरीच वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. धनिकांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागतो, द्रोण गाय मिळवण्यासाठी हिंडतात आणि रिकाम्या हाताने परततात, आणि अखेर पाण्यात कालवलेले पीठ पिऊन ते पोर 'मी दूध प्यालो' म्हणून नाचते. आपल्याकडे रूढ झालेल्या कथनात हे पीठ त्याची आई कालवते. आदिपर्वात मात्र ते त्याचे सवंगडी देतात, आणि तो नाचू लागताच भोवती हशा पिकतो. आईच्या हातून घडले तर ती माया; सवंगड्यांच्या हातून घडले तर ती थट्टा. पेल्यातले द्रव्य एकच. हा फरक आम्ही विद्यार्थ्यांना मोठ्या उत्साहाने दाखवीत असू. तो आपल्याच स्वयंपाकघरात येऊन उभा राहील, असे तेव्हा वाटले नव्हते.

आमचे अण्णा नांदेडला असतात. पोटाच्या दीर्घ दुखण्यानंतर त्यांना दूध पचेनासे झाले आणि डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितले. रात्री निजण्यापूर्वी पेलाभर कोमट दूध घेणे, ही त्यांची साठ वर्षांची सवय. आम्ही नोकरीनिमित्त लातूरला राहतो. तेथे आम्ही बदामाचे दूध करावे आणि शनिवारी एस.टी.ने घेऊन जावे, असे ठरले. आईचा आग्रह होता, "त्यांना सांगूच नकोस. पेला तोच, वेळ तीच. काय कळतंय त्यांना?"

मे महिना होता. शुक्रवारी रात्री बदाम पाण्यात घालून ओट्यावर ठेवले. सकाळी पाण्यावर बारीक फेस होता. तिकडे दुर्लक्ष करून आम्ही ते वाटले, गाळले, बाटलीत भरले आणि अहमदपूर-लोहामार्गे उन्हातून नांदेडला नेले. घरी बाटली उघडताना झाकण हलकेच 'फुस्स' झाले आणि आंबूस वास आला. आई म्हणाली, "टाकायलास कशाला? चीक बी आंबतोच की."

आईचे म्हणणे अज्ञानाचे नव्हते. उन्हाळ्यात कुरडया करणाऱ्या पिढीला धान्यातून पांढरा रस काढण्याची विद्या पूर्ण अवगत आहे. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, कापडातून पिळून चीक काढायचा. तो रात्रभर निवळला की वरचे पाणी ओतून द्यायचे. त्या भिजवण्यात आंबणे अपेक्षितच असते, कारण पुढे तो चीक चुलीवर रटरटा शिजतो. बदामाचे दूध कच्चेच प्यायचे असते किंवा जेमतेम कोमट करायचे असते. चिकात जे आंबणे पदार्थाचा भाग आहे, ते येथे बिघाड ठरते. आजारातून उठलेल्या माणसाला तर ते देणे नकोच. आम्ही बाटली मोरीत ओतली.

दुसऱ्या दिवशी नांदेडलाच नव्याने आरंभ केला. १०० ग्रॅम बदाम, म्हणजे सुमारे ८० दाणे, तीन पाण्यांनी धुऊन भिजत घातले आणि भांडे फ्रिजमध्ये ठेवले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ओट्यावरचे आठ तास फार होतात. फ्रिजमध्ये आठ ते बारा तासांत दाणा फुगतो आणि चिमटीत धरताच साल निसटते. भिजवणीचे पाणी टाकून द्यावे. पाण्याचे प्रमाण कोरड्या बदामाच्या चौपट, म्हणजे येथे ४०० मिलिलिटर. मात्र ते सगळे एकदम घालू नये. आधी दाणे बुडतील एवढ्याच पाण्यात गंधासारखे मऊ वाटावे आणि मग उरलेले पाणी घालून पुन्हा मिनिटभर फिरवावे. आरंभीच पाणी जास्त झाले तर दाणे पात्यांपासून पळत राहतात, कण भरड राहतो आणि दूध पातळ उतरते.

गाळण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले. चहाच्या गाळणीतून चोथा निसटतो आणि घशाशी खरखरतो. तिने कुरडयांचे जुने, धुऊन मऊ झालेले सुती कापड उकळत्या पाण्यातून काढले, पातेल्यावर पसरले आणि पुरचुंडी करून शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. चोथा भाकरीच्या पिठात गेला.

पुढे ओटचेही करून पाहिले, कारण चहापुरते तरी ते स्वस्त पडते. तेथे मात्र ही सारी रीत उलटी करावी लागते. ओट पिष्टमय असल्यामुळे फार भिजवले, फार वाटले किंवा जोराने पिळले की पेज होते आणि तार धरते. एक वाटी ओट, चार वाट्या गार पाणी, मिक्सरचे वीसेक सेकंद आणि न पिळता गाळणे, एवढेच पुरे. शिवाय ते तापवले की खळीसारखे दाटते. आईने पहिल्या दिवशी सवयीने कापड पिळले आणि चहात शेवाळासारखा बुळबुळीतपणा आला.

दोन्ही दुधे फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत तीन दिवस, फार तर चार दिवस राहतात. वीज जाऊन फ्रिज कोमट होत असेल तर आम्ही दोनच दिवस धरतो. दुसऱ्या दिवशी बाटलीत वर पाणी आणि खाली पांढरा थर दिसला, तेव्हा आम्ही ती ओतायला निघालो होतो. या वेळी आई बरोबर होती : "नासलं नाही रे ते, खाली बसलंय. चीक बसत नाही का?" बाटली हलवताच दूध एकजीव झाले. नासलेले दूध हलवूनही एकजीव होत नाही. गुठळ्या राहतात, तार सुटते, आंबूस वास येतो, झाकणाखाली वायू साठतो. यांतले एक जरी लक्षण दिसले तरी चव घेऊन पाहण्याचा मोह टाळावा.

राहिला प्रश्न सांगण्याचा. गाळताना चौपट पाणी पडलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. गाईच्या दुधातले कॅल्शियम या पेल्यात फारच थोडे असते, आणि बदामातल्या प्रथिनांचा काही भाग चोथ्यात अडकतो. दूध म्हणून ते दिले असते तर दुधाने जे मिळत होते ते अजूनही मिळते आहे, असेच अण्णा धरून चालले असते, आणि ती तूट भरून काढण्याचा विचार कोणीच केला नसता. फसवणूक चवीपुरती राहिली नसती. म्हणून पेला हातात देताना आम्ही सांगितले, "अण्णा, हे दूध नाही. बदाम वाटून गाळलेलं पाणी आहे."

जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या अण्णांनी घोटभर घेतले, थोडे थांबले आणि म्हणाले, "पिष्टोदक म्हण की." मग पेला संपवून त्यांनी विचारले, "आणि नाचायचं कुणी?"

आई हसली नाही. ती उठून आत गेली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाकरीसाठी नाचणी काढून ठेवली. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, हे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. आता आम्ही शनिवारी लातूरहून फक्त कोरडे बदाम नेतो. भिजवणे, वाटणे नांदेडलाच होते, आणि बाटलीवर कागदाची चिठ्ठी लावून आई त्यावर केल्याचा वार लिहिते. पदार्थाचे नाव ती लिहीत नाही.