मायना

मराठी पत्राचा मायना हा लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचे नाते आधीच ठरवून टाकल्याची खूण असते. जन्मदात्या वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहायचे आणि वडिलांच्या जागी असलेल्यांना ‘तीर्थस्वरूप’. धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्याला ‘सप्रेम नमस्कार’, परक्या प्रतिष्ठिताला पूर्वी ‘राजमान्य राजेश्री’. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे शब्द ‘सा. न. वि. वि.’ एवढ्या अक्षरांत मावू लागले, तरी त्यांच्या मागची व्यवस्था तशीच राहिली. आपण कोण आणि समोरचा कोण, हे ठाऊक असल्याखेरीज मराठीत पत्राची पहिली ओळ लिहिता येत नाही. म्हणूनच नव्या शेजाऱ्याला लिहायची चिठ्ठी दिसते तितकी सोपी नसते. ओळख व्हावी म्हणून ती लिहायची असते, आणि तिचा मायना तर ओळख झाल्यावरच सुचणारा असतो.

डोंबिवलीतल्या एका चार मजली इमारतीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला ही अडचण वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळली. गिरगावातल्या चाळीत काढलेल्या वर्षांत तिला अशी चिठ्ठी कधी लिहावी लागली नव्हती. नवे बिऱ्हाड आले की त्याचे सामान सगळ्यांच्या दारांवरून जात असे. गॅलरीतून जाता-येता, पाणी भरताना, कपडे वाळत घालताना चार दिवसांत ओळख होऊन जाई. ती कुणी कुणाला करून देत नसे. इमारतीत दारे बंद असतात आणि जिन्यात माणसे भेटतात ती वर चढताना किंवा खाली उतरताना, म्हणजे घाईत. बंद दारापर्यंत जायला निमित्त लागते, आणि ते निमित्त कागदावर उतरवावे लागते.

समोरच्या ३०४ मध्ये बिऱ्हाड आले होते. चाळिशीची एक बाई, शाळकरी मुलगी आणि पुस्तकांची बरीच खोकी. पुरुष दिसला नव्हता. दारावर अजून पाटी नव्हती. एवढ्यावर इमारतीत तर्क सुरू झाले होते. कुणी म्हणे नवरा परगावी असेल, कुणी म्हणे नसेलच. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्नही लगोलग आला. हा प्रश्न गावाचा दिसतो, पण पुष्कळदा तो जातीचा असतो. आडनाव कळले की मग तो विचारावा लागत नाही.

बाईंनी वहीतले पान फाडले, वर ‘सौ.’ लिहिले आणि तिथेच हात थांबवला. हे दोन वर्णांचे विशेषण लिहिणाऱ्याला आदराचे वाटते. वाचणारीला मात्र ते तिच्या घरात नवरा आहे का, हे विचारते. त्याऐवजी ‘श्रीमती’ लिहावे, तर कचेरीच्या कागदात ते कुणाही स्त्रीला चालते, पण घरगुती पत्रात पुष्कळांच्या कानाला ते वैधव्याचे सुचवते. बाईंना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. यजमान गेले त्या वर्षी पंधरवड्याच्या आत आलेल्या पत्रांवर त्यांच्या नावामागचे ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ आले होते. गंगाभागीरथी. पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांनी मायना तेवढा बदलला होता. पुढे २०२३ साली राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडून विधवांसाठी हाच शब्द वापरण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि त्यावर टीका झाली, तेव्हा वर्तमानपत्र वाचताना बाईंना ते जुने पाकीट आठवले होते.

शेजारणीला घरी बोलावण्याची एक रीत मराठी घरांत तयारच असते, ती म्हणजे चैत्रातले किंवा संक्रांतीचे हळदीकुंकू. त्याचे बोलावणे दारावर येते, तोंडी येते, आणि ते कुणाला द्यायचे नाही हे सगळ्यांना माहीत असते. बाईंच्या दारावरून ते कित्येक वर्षे पुढे जात होते. चहाचे तसे नाही. तो कुणालाही देता येतो आणि कुणाकडेही घेता येतो. म्हणून चहाच ठरला.

पण चहाच्या बोलावण्यातही एक पळवाट असते. ‘या एकदा चहाला’ हे मराठीतले सौजन्याचे वाक्य आहे. ते ऐकून कुणी खरोखर आले तर बोलावणारा गोंधळतो. ज्या वाक्यात ‘एकदा’ किंवा ‘कधीतरी’ आहे ते बोलावणे नव्हे, तो निरोप होय. बोलावण्यात वार असतो आणि वेळ असते. बाईंनी रविवार धरला, कारण मुलीला शाळा नसणार. आणि साडेचार धरले, कारण दुपारची झोप तेव्हा संपलेली असते आणि रात्रीच्या स्वयंपाकाला अवकाश असतो. आलेल्या माणसाला तासाभराने उठायचे कारण आपोआप मिळते, हाही त्या वेळेचा गुण.

राहिली स्वतःची ओळख. ती किती द्यावी? फार दिली तर ती फुशारकी होते, काहीच दिली नाही तर बोलावणारी कोण, याचाच संशय येतो. बाईंनी एक नियम मनाशी केला. जे समोरचीला विचारायचे नाही, ते स्वतःविषयी मोकळेपणाने सांगायचे. आणि त्याखेरीज तिच्या उपयोगाचे तेवढे सांगायचे. तिसऱ्या कागदावर चिठ्ठी उतरली ती अशी:

‘सप्रेम नमस्कार. मी समोरच्या ३०२ मध्ये राहते. शाळेत मराठी शिकवीत असे, आता निवृत्त आहे. घरात एकटीच असते. येत्या रविवारी साडेचार वाजता आपण दोघींनी माझ्याकडे चहाला यावे. नुसता चहा आहे, येताना काही आणू नये. त्या वेळी दार लोटलेले असेल, घंटा वाजवायला नको. रविवार जमत नसेल तर जमेल तो वार सांगावा. आपल्याकडे दूधवाला पावणेसहाला येतो. त्याला आपल्या दारीही थांबायला सांगायचे असल्यास सांगेन. लोभ असावा.’

खाली त्यांनी आपले नुसते नाव लिहिले. यजमानांचे नाव आणि आडनाव प्रथमच सुटले, आणि सही काहीशी आखूड दिसली. ‘आपण दोघींनी’ हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. आपल्याला दोघीच दिसल्या हे त्यात कबूल होते. मग ते खोडून त्यांनी ‘घरातल्या सर्वांनी’ केले. घरात कोण कोण आहे हे सांगण्याचा अधिकार त्या घराचा.

चिठ्ठी कुठे ठेवायची हाही प्रश्नच होता. खालच्या पत्रपेटीत ती विजेच्या बिलांत हरवली असती. पहारेकऱ्याकडे दिली असती तर तिच्याबरोबर चार प्रश्नही गेले असते. दाराच्या फटीतून सरकवलेला कागद पायाखाली येतो. बाईंनी ती घडी करून दाराच्या कडीत अडकवली, तीही संध्याकाळी, घरचे परतण्याच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ३०२ च्या कडीत तोच कागद उलटा घडी करून लावलेला होता. मागच्या बाजूस लिहिले होते: ‘रविवारी नक्की येतो. माझा चहा बिनसाखरेचा. दूधवाल्याला अर्धा लिटर सांगावे.’ त्याखाली एक नाव होते. त्याच्या मागे काही नव्हते आणि पुढेही काही नव्हते.